गूगल फॉर्मवरची ४८० उत्तरे विरुद्ध यादीतून चिठ्ठी टाकून निवडलेली १०० घरे

मुठाकाठ

नमस्कार. आमची सोसायटी सिंहगड रस्त्यावर आहे आणि तिच्यात २००० सदनिका आहेत. सकाळचे पाणी पुरेशा दाबाने येत नाही अशी तक्रार वाढल्यामुळे कार्यकारिणीने गूगल फॉर्म काढला आणि त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. एकच प्रश्न होता: "गेल्या आठवड्यात सकाळी ६ ते ९ या वेळेत तुमच्या घरी पाणी कमी पडले का?" आठ दिवसांत ४८० घरांनी उत्तर दिले. त्यांतील २४० घरांनी "होय" म्हटले, म्हणजे बरोबर निम्म्यांनी. त्या आधारावर आता नवीन पंप आणि वेगळी वाहिनी टाकण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे, आणि त्याचा खर्च सर्व सदनिकांवर सारखा पडणार आहे.

कार्यकारिणीतील एका सदस्यबाईंनी सुचवले की, देखभाल शुल्काच्या नोंदवहीतून १०० सदनिका चिठ्ठी टाकून निवडाव्यात आणि त्यांच्याकडे प्रत्यक्ष जाऊन हाच प्रश्न विचारावा. त्यावर खजिनदारांचे म्हणणे असे की, ४८० जणांनी आपणहून सांगितले असताना १०० जणांना विचारणे म्हणजे हातातली माहिती टाकून कमी माहिती घेणे होय. बैठकीत बहुतेकांना हे पटले. मला मात्र बाईंचे म्हणणे बरोबर वाटते, परंतु ते आकडे मांडून कसे समजावून सांगावे हे सुचत नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी.

नमुनापाहणी

मुठाकाठ, मी अनेक वर्षे पाहण्यांच्या आखणीचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. खजिनदारांशी वाद न घालता त्यांच्यासमोर एक उदाहरण मांडा. समजा, २००० पैकी ४०० घरांना, म्हणजे २० टक्के घरांना, खरोखर पाणी कमी पडते आणि उरलेल्या १६०० घरांना पडत नाही. ज्याच्या घरी सकाळी नळ कोरडा असतो, तो फॉर्म दिसताच भरतो. ज्याची अंघोळ वेळेवर होते, त्याला तो फॉर्म न भरता सोडून देताना काहीच वाटत नाही. त्रास असलेल्यांपैकी ६० टक्क्यांनी फॉर्म भरला, तर २४० उत्तरे येतील. त्रास नसलेल्यांपैकी केवळ १५ टक्क्यांनी भरला, तरी १६०० चे १५ टक्के म्हणजे २४० उत्तरे येतील. एकूण उत्तरे ४८०, त्यांत "होय" ५० टक्के. तुमच्या फॉर्ममध्ये आला तोच आकडा आला, पण खरे प्रमाण २० टक्केच होते.

तुमच्या सोसायटीत खरे प्रमाण २० टक्केच आहे असा माझा दावा नाही. ते ५० असू शकते, ३० असू शकते. फॉर्मची उत्तरे यांपैकी कोणत्याही सत्याशी जुळतात, आणि त्यांतले कोणते खरे हे ओळखायला लागणारी गोष्ट, म्हणजे कोणत्या गटातील किती टक्के लोकांनी फॉर्म भरला हे प्रमाण, फॉर्ममध्ये कुठेही नोंदलेले नसते. निकाल ठरतो तो या दोन प्रमाणांच्या गुणोत्तरावर. वरच्या उदाहरणात ते चारास एक असे आहे. उत्तरांची संख्या त्यात कुठेच येत नाही.

चिठ्ठीने निवडलेल्या १०० घरांचे तसे नसते. तिथे त्रास असलेल्या आणि नसलेल्या घराची चिठ्ठी निघण्याची शक्यता सारखीच असते, कारण निवड चिठ्ठी करते, घरमालकाची इच्छा करत नाही. खरे प्रमाण २० टक्के असेल, तर अशा २० पाहण्यांपैकी साधारण १९ पाहण्यांत उत्तर १२ ते २८ टक्के यांदरम्यान येईल. ही चूक लहान नाही, पण ती किती मोठी असू शकते हे आधीच सांगता येते आणि घरे वाढवली की ती कमी होते.

कोथरूडकर_अभियंता

नमुनापाहणी यांचे विवेचन पटले, तरी दोन शंका आहेत. पहिली अशी की, १०० घरे घेण्याचे कारण २००० चे ५ टक्के हे असावे. नमुना लोकसंख्येच्या किमान ५ टक्के तरी हवा असे मी वाचले आहे. मग संपूर्ण पुणे शहरासाठी अशी पाहणी करायची झाली, तर हजारो घरांकडे जावे लागेल आणि ते कोणालाही परवडणार नाही. दुसरी शंका अशी की, फॉर्म आणखी पंधरा दिवस चालू ठेवून वारंवार आठवण केली आणि उत्तरे हजारावर नेली, तर हा दोष आपोआप धुऊन निघणार नाही का?

नमुनापाहणी

५ टक्क्यांचा नियम पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो, परंतु त्याला आधार नाही. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेले चौघांचे आहे की पंगतीचे आहे हे आपण पाहत नाही. शीत कुठून उचलले हे पाहतो. १०० घरांच्या नमुन्यातील चूक २००० सदनिकांच्या सोसायटीसाठी जवळपास ८ टक्के असेल, तर संपूर्ण शहरासाठीही ती जवळपास तेवढीच राहील. म्हणूनच १००० माणसांच्या नीट निवडलेल्या नमुन्यावरून एखाद्या शहराचे किंवा सबंध देशाचेही प्रमाण सुमारे ३ टक्के इकडेतिकडे सांगता येते.

फॉर्मचे उलट आहे. माझेच उदाहरण शंभरपट मोठे करा: २ लाख घरे, त्यांतली ४०,००० त्रासातली, फॉर्म भरण्याची प्रमाणे तीच. उत्तरे ४८,००० येतील आणि निकाल पुन्हा ५० टक्केच राहील. फरक एवढाच पडेल की ४८,००० हा आकडा पाहून लोकांचा विश्वास वाढेल, आणि चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढणे हीच यातली खरी हानी आहे.

आठवण करण्याबद्दल सांगायचे, तर समजा आठवणीमुळे ६० चे ८० टक्के झाले आणि १५ चे २० टक्के झाले. आता ३२० आणि ३२०, एकूण ६४० उत्तरे, निकाल ५० टक्के. दोन्ही गटांवर आठवणीचा परिणाम सारख्या प्रमाणात झाला, तर काहीच सुधारत नाही. मात्र शेवटी शेवटी उदासीन लोकच फॉर्म भरू लागले, तर निकाल हळूहळू खाली सरकतो, आणि ही सरकण्याची खूण पकडता येते. मुठाकाठ, फॉर्मच्या शीटमध्ये प्रत्येक उत्तराची वेळ नोंदलेली असते. पहिल्या दिवसाची उत्तरे वेगळी काढून पाहाल का?

मुठाकाठ

पाहिले. पहिल्या दिवशी १६० उत्तरे आली आणि त्यांत "होय" १०४, म्हणजे ६५ टक्के. त्यानंतरच्या सात दिवसांत ३२० उत्तरे आली आणि त्यांत "होय" १३६, म्हणजे साधारण ४३ टक्के. आधी कोणी ही फोड केलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. नोंदवहीप्रमाणे ६०० सदनिका भाड्याने दिलेल्या आहेत, पण ४८० उत्तरांत भाडेकरूंची उत्तरे केवळ ४८ आहेत. लिंक ज्या ग्रुपवर टाकली, त्यात भाडेकरू फारसे नाहीतच.

नमुनापाहणी

या दोन खुणा पुरेशा बोलक्या आहेत. उशिरा उत्तर देणारे लवकर उत्तर देणाऱ्यांपेक्षा इतके वेगळे असतील, तर ज्यांनी मुळीच उत्तर दिले नाही ते आणखी वेगळे असण्याची शक्यता मोठी आहे. भाडेकरूंचे प्रमाण नोंदवहीत ३० टक्के आणि फॉर्ममध्ये १० टक्के, यावरून फॉर्म सोसायटीचे चित्र दाखवत नाही हे पाण्याचा प्रश्न न विचारताही सिद्ध होते.

सदाशिव_पेठ_४११०३०

मी आमच्या भागात असाच प्रयोग केलेला आहे. ओला-सुका कचरा वेगळा करण्याबद्दल मी संध्याकाळी बागेच्या दारात उभा राहून समोर येईल त्याला विचारले. कोणालाही ठरवून निवडले नाही, त्यामुळे तो यादृच्छिक नमुनाच झाला. जवळपास सर्वांनी "आम्ही वेगळा करतो" असे सांगितले. फाटकावर उभे राहून शंभर जणांना विचारले, तर घरोघरी जाण्याचे श्रम वाचतील.

पीककापणी_निवृत्त

सदाशिव पेठकर साहेब, आपला हेतू चांगला आहे, पण समोर येईल त्याला विचारणे आणि चिठ्ठीने निवडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बागेच्या दारात संध्याकाळी तीच माणसे भेटतात ज्यांना त्या वेळी फिरायला सवड असते. दुकानात उभा असलेला, दुसऱ्या पाळीत कामावर गेलेला, गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणारा, यांची तिथे भेट होण्याची शक्यता शून्याजवळ असते. तुम्ही कोणाला निवडले नाही हे खरे, परंतु वेळेने आणि जागेने निवड केलीच.

मी कृषी खात्यात नोकरी केली आणि पीक कापणी प्रयोगांवर बरीच वर्षे काम केले, म्हणून हा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे. तालुक्यातील ज्वारीचे सरासरी उत्पन्न काढायचे, तर सगळी शेते कापून पाहता येत नाहीत. गावे निवडली जातात, गावातील शेते निवडली जातात, आणि शेतात गेल्यावरही कुठे कापायचे हे कर्मचाऱ्याच्या मनावर सोडलेले नसते. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे, एका आकड्याइतकी पावले लांबीच्या दिशेने आणि दुसऱ्याइतकी रुंदीच्या दिशेने चालायचे, आणि जिथे पाऊल थांबेल तिथे खुंटी ठोकून पिकाप्रमाणे ठरलेला, उदाहरणार्थ दहा मीटर बाय पाच मीटर, तुकडा आखायचा. तिथे पीक विरळ असले तरी तोच तुकडा कापायचा. नवीन कर्मचाऱ्याला हे फार जड जाते. शेजारी चांगले कणीस डोलत असताना खुंटी उघड्या जागेत का ठोकायची, असे त्याला वाटते. पण त्याने दोन पावले सरकवली, की तालुक्याचा आकडा सरकतो, आणि असे शंभर कर्मचाऱ्यांनी केले तर चुका एकमेकींना पुसत नाहीत, कारण त्या सगळ्या एकाच दिशेच्या असतात.

आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात याच विषयावर मूलभूत काम केले. तुकडा फार लहान घेतला, तर सीमेवरची ताटे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो आणि उत्पन्न फुगते, हे त्यांनी दाखवून दिले. अशा तुकड्यांची संख्या वाढवली, तरी ते फुगणे जात नाही. निवडीत किंवा मोजणीत एका बाजूला कल असला, की संख्या त्याला औषध नाही, हे मी शेतात उभे राहून पाहिलेले आहे.

सदाशिव_पेठ_४११०३०

ताटांचे उदाहरण समजले, आणि बागेत त्या वेळी कोण येते हा मुद्दाही मान्य आहे. पण माझ्या प्रयोगात बहुतेकांनी कचरा वेगळा करतो असेच सांगितले, ते सगळेच खोटे बोलले असे मला वाटत नाही.

पीककापणी_निवृत्त

खोटे बोलले असे माझे म्हणणे नाही. त्यांनी खरे सांगितले असेल, आणि तरी तो आकडा पेठेचा नसून बागेत येणाऱ्यांचा असेल. तोंडी विचारून लोक कचरा खरोखर वेगळा करतात का हे कळते का, हा निराळा प्रश्न आहे. चिठ्ठी टाकून निवडले तरी तो उरतोच.

आकडेमोड_अनघा

मी एका संशोधन संस्थेत विदा हाताळते. मला वाटते की फॉर्मची उत्तरे टाकून देण्याची गरज नाही, त्यांना भार देऊन दुरुस्त करता येते. नोंदवहीत वरच्या मजल्यांवरील सदनिका किती आणि फॉर्ममध्ये किती हे पाहावे, आणि जे कमी आले त्यांच्या उत्तराला जास्त वजन द्यावे. जगभर ऑनलाइन पाहण्या याच पद्धतीने वापरात आणल्या जातात.

मुठाकाठ

अनघाताई, ही आकडेमोड करून पाहिली. वरच्या मजल्यांवर ५०० सदनिका आहेत, म्हणजे २५ टक्के. फॉर्ममध्ये मात्र त्यांची उत्तरे १९२ आहेत, म्हणजे ४० टक्के. वरच्या मजल्यांवरील १९२ पैकी १५० जणांनी "होय" म्हटले आणि खालच्या २८८ पैकी ९० जणांनी. मजल्यांचे खरे प्रमाण लावल्यावर एकूण "होय" ५० वरून ४३ टक्क्यांवर आले.

नमुनापाहणी

अनघाताईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि हा अर्धा भाग उपयोगाचाही आहे. भार दिल्यामुळे वरचे मजले जास्त आल्याचा दोष गेला. परंतु खालच्या मजल्यांवरील २८८ उत्तरे खालच्या सर्व १५०० घरांसारखी आहेत असे आपण त्यात गृहीत धरले. तिथेही ज्याला त्रास आहे तोच फॉर्म उघडतो, आणि मजल्याचा भार त्या सवयीला हात लावू शकत नाही. तिला दुरुस्त करायला "कोणाला त्रास आहे" याचाच भार लागेल, आणि तेच तर आपल्याला शोधायचे आहे.

याचे एक मोठे उदाहरण २०२१ मधले आहे. अमेरिकेत कोविड लसीची पहिली मात्रा किती प्रौढांनी घेतली हे फेसबुकवरून केलेल्या एका पाहणीतून आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरांवरून काढले जात होते, आणि उत्तरांना भारही दिलेला होता. फेसबुक निमंत्रणे आपल्या वापरकर्त्यांमधून यादृच्छिक पद्धतीनेच पाठवत असे, पण उत्तर देणारे शेकडा एकाच्या आसपास होते. लसीच्या मात्रांची सरकारी मोजणी उपलब्ध असल्यामुळे पडताळा घेता आला, आणि त्या वर्षी मे महिन्यात ही पाहणी १७ टक्के गुणांनी जास्त सांगत होती असे आढळले. त्याच काळात यादृच्छिक निवडीतून बनवलेल्या गटातील सुमारे १००० जणांना विचारणारी दुसरी पाहणी सरकारी मोजणीच्या बरीच जवळ होती. हा अभ्यास त्याच वर्षी 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झाला. अडीच लाख उत्तरांची किंमत यादृच्छिक निवडलेल्या दहाएक माणसांपेक्षा जास्त नव्हती, असा त्यातला हिशेब आहे.

कोथरूडकर_अभियंता

१९३६ च्या अमेरिकी निवडणुकीचे उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या, त्यांनी लँडन जिंकतील असे सांगितले आणि रूझवेल्ट प्रचंड मताधिक्याने निवडून आले. जनमत पाहणी करणारे गॅलप यांनी मात्र छोट्या यादृच्छिक नमुन्यावरून बरोबर सांगितले होते.

नमुनापाहणी

उदाहरण योग्य आहे, एक दुरुस्ती सुचवतो. गॅलप यांचा तो नमुना यादृच्छिक नव्हता. मुलाखतकारांना इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके शेतकरी असे वाटे नेमून दिलेले असत आणि त्या वाट्यात कोणाला गाठायचे हे त्यांच्यावर सोडलेले असे. १९४८ मध्ये त्याच पद्धतीने ड्यूई जिंकतील असे सांगितले गेले आणि ट्रुमन जिंकले. म्हणून मी ते उदाहरण चिठ्ठीच्या बाजूने देत नाही. डायजेस्टच्या बाबतीत मात्र याद्या सधन लोकांच्या होत्या एवढेच कारण नव्हते. मतपत्रिका ज्यांना मिळाल्या त्यांच्यातही रूझवेल्ट यांच्या विरोधकांनी त्या परत पाठवण्याचे कष्ट जास्त घेतले.

सोसायटी_सचिव_२०१४पासून

मी दुसऱ्या सोसायटीचा सचिव आहे आणि मला ही सगळी चर्चा चुकीच्या दिशेने चाललेली वाटते. ज्यांनी मत दिले नाही, त्यांनी आपला अधिकार सोडला. सभेला १५० लोक येतात आणि त्यांचा ठराव सर्वांवर बंधनकारक होतो, तेव्हा कोणी विचारत नाही की न आलेल्यांचे मत काय होते. मग फॉर्मलाच वेगळा न्याय का?

नमुनापाहणी

सचिवसाहेब, ठराव करणे आणि प्रमाण मोजणे यांत मी फरक करतो. सभेने पंप घ्यावा की नाही हे उपस्थितांनी ठरवावे, त्याला माझी हरकत नाही. परंतु किती घरांत पाणी कमी पडते हा मताचा प्रश्न नाही. न आलेल्या माणसाच्या घरचा नळ त्याच्या अनुपस्थितीमुळे बदलत नाही.

सोसायटी_सचिव_२०१४पासून

फरक समजला, तरी व्यवहारात लोक फॉर्मलाच मतदान समजतात, आणि "आम्ही भरला, त्यांनी नाही" ही भावना चिठ्ठीने जाणार नाही. माझा आक्षेप कायम आहे.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही पाहणी केली. नोंदवहीतील २००० सदनिका एका शीटमध्ये उतरवल्या, शेजारच्या रकान्यात सूत्र भरले, निघालेले आकडे स्थिर करून त्यांच्या क्रमाने यादी लावली आणि वरच्या १०० सदनिका घेतल्या. हे सभासदांसमोर पडद्यावर केले, जेणेकरून निवडीबद्दल कोणाला शंका राहू नये.

```
=RAND()
```

बंद घरी तीन वेळा गेलो: एकदा सकाळी, एकदा रात्री आठनंतर आणि एकदा रविवारी. बंद घराऐवजी शेजारचे घर घ्यावे असे स्वयंसेवकांनी सुचवले, पण जे शेजारी नेहमी घरी सापडतात ते वेगळ्या प्रकारचे कुटुंब असते, म्हणून ते टाळले. १०० पैकी ८३ घरांनी उत्तर दिले आणि त्यांतील १८ घरांत पाणी कमी पडते, म्हणजे जवळपास २२ टक्के. उरलेल्या १७ घरांचे काय करावे?

नमुनापाहणी

फार काळजीपूर्वक काम केलेत. त्या १७ घरांबद्दल सर्वांत वाईट शक्यता धरून पाहू. सगळ्यांना त्रास नाही असे धरले तर १०० पैकी १८, सगळ्यांना आहे असे धरले तर १०० पैकी ३५. त्यात चिठ्ठीची नेहमीची चूक मिळवावी लागेल, तरी चित्र स्पष्ट आहे. आता हीच कसोटी फॉर्मला लावा. तिथे १५२० घरांचे उत्तर नाही. सगळ्यांना त्रास नाही असे धरले तर २००० पैकी २४०, म्हणजे १२ टक्के. सगळ्यांना आहे असे धरले तर १७६०, म्हणजे ८८ टक्के. गृहीतके काढून टाकल्यावर ४८० उत्तरांनी १२ ते ८८ एवढेच सांगितले आणि ८३ उत्तरांनी १८ ते ३५. खजिनदारांना हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवा.

आकडेमोड_अनघा

१७ मध्ये कायम रिकाम्या सदनिका किती आहेत? त्या वगळायला हव्यात.

मुठाकाठ

९ रिकाम्या आहेत, ८ घरांत माणसे राहतात पण भेटली नाहीत किंवा बोलली नाहीत.

आकडेमोड_अनघा

मग हिशेब ९१ घरांचा झाला, आणि उत्तर २० ते २९ टक्के यांदरम्यान आले. रिकाम्या घरात पाणी कमी पडते का हा प्रश्नच उद्भवत नाही.

सोसायटी_सचिव_२०१४पासून

पण पंपाचा खर्च रिकाम्या सदनिकेच्या मालकालाही द्यावा लागणार आहे. त्याला मोजणीतून वगळून वर्गणी मात्र घ्यायची, हे मला मान्य नाही. २००० पैकी किती, असेच सांगितले पाहिजे.

नमुनापाहणी

दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि कोणता प्रश्न विचारायचा हे खरे तर चिठ्ठ्या काढण्यापूर्वी ठरवायला हवे होते. मी स्वतः राहत्या घरांचा आकडा घेईन, कारण पंपाचा आकार त्यावर ठरतो. वर्गणीची विभागणी कशी करावी यावर ही पाहणी काही सांगू शकत नाही.

मुठाकाठ

त्रास असलेल्या १८ पैकी १३ घरे शेवटच्या दोन इमारतींच्या वरच्या मजल्यांवरची आहेत. संख्या लहान आहे हे जाणतो, म्हणून त्या दोन इमारतींची वेगळी यादी करून तिथे पुन्हा चिठ्ठ्या काढत आहोत.